मागून दिसणारी बाई

भीमसिंगकाका रेशनकार्डाच्या कामाला माझ्या झेरॉक्सच्या दुकानात आले, तेव्हा प्रिंटरमधून अंगणवाडीची पानं निघत होती. आंबा, बैल, टोपलीतली वांगी. रंग भरायची चित्रं. जाड काळी रेघ आणि आत सगळं कोरं. एक पान हातात धरून ते बराच वेळ उभे राहिले.

"ताई, हे तुमी हातानं काढता?"

मी म्हटलं, हात कुठला, मला सरळ रेघसुद्धा मारता येत नाही. फोनमध्ये ॲप आहे, त्याला लिहून सांगायचं की असं असं चित्र पाहिजे. सांगण्यालाच प्रॉम्प्ट म्हणतात. शिकवायला इथं आमच्या एवढ्याशा गोरेगावात कोण बसलंय, चुकत चुकत शिकले.

"मंग आमच्या दिपाचं निघंल?"

दिपा म्हणजे त्यांची मुलगी. श्रावणात काविळीनं गेली. तिची चार वर्षांची पुजा आता तांड्यावर आजी-आजोबांकडे असते. बाप नाशकाला गाडीवर. दिपाचा हार घातलेला फोटो भिंतीला लावला, तर पुजा बघताक्षणी खाटेखाली शिरली आणि दिवस मावळेपर्यंत बाहेर आली नाही. म्हणून फोटो काढून पेटीत ठेवला. आणि गेल्या आठवड्यात अंगणवाडीच्या बाईंनी सहज विचारलं, तुझी याडी, म्हणजे आई, कशी होती गं, तर पोरीनं बाईंकडेच बोट केलं.

"इसरून राहिली ती," काका म्हणाले. "रंगाचं पुस्तक मातर सोडत न्हाई. त्यात तिची याडी असली, तर बघंल तरी."

फोनवरचे दोन-तीन फोटो त्यांनी मला पाठवले. रेशनकार्डाचं काम राहूनच गेलं.

पहिल्या दिवशी मी लिहिलं: चुलीपुढं भाकरी थापणारी बाई, रंगवायच्या पुस्तकासाठी. आलेलं चित्र देखणं होतं आणि निरुपयोगी होतं. गालाखाली राखाडी सावली, केस काळे कुळकुळीत भरलेले, साडीवर मुंगीएवढी फुलं. चार वर्षांच्या मुठीतला खडू त्या फुलांत कसा मावणार? मग एकेक वाढवत गेले. नुसती बाह्यरेषा. रेघ जाड आणि एकसारखी. आतही पांढरं, मागंही पांढरं. केसांचीही फक्त कड, आत कोरं. साडी साधी, काठ रुंद. नुसतं 'नको नको' लिहिलं की ॲप तेच हट्टानं करतं, हे मला आधीच कळलं होतं. काय पाहिजे ते सांगितलं की ऐकतं. माणसांसारखंच. संध्याकाळपर्यंत चूल, पाटा, शेळी, झोळी, बाजेवरची वाकळ अशी पाच पानं झाली. रेघा स्वच्छ, जागा मोकळ्या. मी स्वतःवर खूश.

दुसऱ्या दिवशी पानं बघायला काकांबरोबर दिपाची आई, जमनामावशीही आल्या. त्यांनी पाचही पानं काउंटरवर ओळीनं मांडली. एकेका पानावरून बोट फिरवलं.

"ह्या पाच बाया कोण हायत?"

मी नीट बघितलं. फोटो दर वेळी दिला होता, पण ॲपनं दर पानावर नवी बाई काढली होती. एकीचं नाक धारदार, एकीचे डोळे बाहुलीचे. दिपाच्या हनुवटीवर लहानपणी विळा लागलेला वण होता, तो एकाही पानावर नव्हता. तिचे पुढचे दोन दात एकमेकांवर चढलेले, ते सरळ करून टाकलेले. मीच लिहिलं होतं ना, स्वच्छ रेघ. ॲपनं दिपालाच स्वच्छ केलं होतं.

मी पेन घेऊन एका पानावर वण काढून पाहिला. खरचटल्यासारखा दिसला. काकांनी ते पान घडी करून खिशात घातलं, मला वाईट वाटू नये म्हणून असावं.

"लेकराला एक याडी न्हाई," मावशी म्हणाल्या, "त्यात ह्या पाच देऊ काय?"

त्या चिडून नव्हत्या बोलल्या. चिडल्या असत्या तर बरं झालं असतं.

पुढचे चार दिवस मी चेहऱ्याच्याच मागं लागले. वण लिहिला, तर कपाळावर आला. दात लिहिले, तर बाई हसायला लागली आणि बत्तीसही दिसले. शेवटी मी मावशींना फोन लावला आणि दिपाचा चेहरा कसा होता ते न विचारता विचारलं, पुजा आईबरोबर काय काय करायची?

मावशी खूप बोलल्या. पोरगी सारखी तिच्या मागं. नळावर मागं, शेळीला पाला आणायला मागं, दळण टाकायला मागं. पदर सोडतच नव्हती. दिपा चिडवायची, मला शेपूट फुटलंय म्हणून.

फोन ठेवला आणि लिहायला बसले. पाणी आणायला निघालेली बाई, पूर्ण पाठमोरी. आधी तिनं मान वळवून बघितलंच. मग लिहिलं, डोक्याचा फक्त मागचा भाग दिसतो. एक वेणी, कमरेपर्यंत. उजव्या काखेत कळशी. पाठीमागं पदर धरलेली लहान मुलगी, तीही पाठमोरी. बाकी जुनंच: जाड बाह्यरेषा, कोऱ्या जागा. या वेळी पानं बदलली तरी बाई बदलली नाही. वेणीला नाक-डोळे थोडेच असतात. सहा पानं जमली.

रविवारी सकाळी मीच पानं घेऊन तांड्यावर गेले. पुजा ओट्यावर बसली होती. पहिलं पान पुढं ठेवलं, तर तिनं आधी कळशी पिवळी केली. मग साडी हिरवी, रेघेबाहेर जाऊन. वेणीशी आली आणि थांबली. वेणीवरून बोट खाली नेलं, पदराच्या टोकाला, त्या लहान मुलीच्या मुठीपर्यंत.

"याडी," ती म्हणाली.

काकांनी तोंड फिरवलं. मला वाटलं, झालं. जमलं.

तेवढ्यात पुजानं पान उलटलं. मागची बाजू पांढरी होती. तिनं ते उन्हाकडे धरलं, परत उलटलं. दुसरं पान उलटलं. तिसरं. सहाही पानं तिनं उलटून पाहिली आणि माझ्याकडे बघितलं.

"तोंड कुठंय?"

तोंड टाळायलाच तर मी इतका खटाटोप केला होता. सहा पानांवर बाई चालली होती, आणि सहाही पानांवर ओट्यावरच्या या लेकराला सोडून चालली होती; हे लिहिताना माझ्या डोक्यात आलंच नाही.

मावशी उठल्या. आत पेटीचं झाकण वाजलं. काका हळूच म्हणाले, नको, पुन्हा खाटेखाली जाईल. मावशींनी ऐकलं नाही. हार काढून टाकलेला फोटो त्यांनी आणला आणि पोरीपुढं ठेवला.

पुजा आक्रसली. गुडघे पोटाशी घेतले. खाट उघड्या दारातून दिसत होती, मी तिकडं बघत राहिले. पण ती गेली नाही. बऱ्याच वेळानं तिनं फोटोची फ्रेम ओढली आणि तीही उलटली. मागं पुठ्ठा आणि चार खिळे. वेणी नव्हती.

मग तिनं आपलं रंगवलेलं पान घेतलं आणि फ्रेमच्या मागं लावलं, हिरवी साडी बाहेर करून. पान मोठं, फ्रेम लहान. कडा वाकल्या, कळशी निम्मी बाहेर राहिली. तिनं दोन्ही हातांनी ते गच्च धरलं. एकदा इकडून बघितलं, एकदा तिकडून.

मावशी पदर तोंडाला लावून शेळीकडे निघून गेल्या.

काका माझ्या शेजारी येऊन बसले.

"ताई," ते म्हणाले, "फोटोच्या मापाचं निघंल का एक?"

मी पर्समधली टेप काढली. पण फ्रेम मोजायला पुजा देईना, म्हणून अंदाजानंच लिहून घेतलं.