एक्केचाळिसावा गिलास

स्नेहाच्या डोक्यात सकाळी अकराला जी तिडीक गेली, ती दुपारपर्यंत उतरली नाही. आणि सगळ्यात जास्त राग तिला स्वतःचाच आला होता.

‘पाणी घ्या’ हा तिचा आणि पवनचा पॉडकास्ट. वाशीमला पवनच्या वडिलांचं कृषी केंद्र आहे, त्याच्या वरच्या खोलीत भिंतींना जुन्या गाद्या ठोकून दोघांनी स्टुडिओ केला होता. पवन बोलायचा, स्नेहा लिहायची. नाव पवनचं व्हायचं, त्याचं तिला काही नव्हतं. तिचा जीव होता सुरुवातीच्या चाळीस सेकंदांत.

ती सुरुवात अशी. आधी तांब्यातून स्टीलच्या गिलासात पाणी पडल्याचा आवाज. पवन म्हणतो, “पाणी घ्या.” पाहुणा पाणी पितो, तेवढ्यात त्याची ओळख सांगून होते. नाव अगदी शेवटी. आणि मग ठरलेला प्रश्न, “गोड लागलं का?” पाण्याचा आवाज दर वेळी ताजा, गिलास माइकपासून वीतभर लांब धरून काढलेला. जवळ धरला तर नुसता फडफडाट येतो. एवढं ठरलेलं, बाकी मधली ओळख दर भागाला नवी. मदनसिंग पहिलवानाची तिने आखाड्यातल्या पुकाऱ्यासारखी लिहिली. पोहरादेवीच्या गोजराबाई लमाणी कपडे शिवतात, त्यांची ओळख म्हणजे नुसती मापं होती. छाती इतकी, बाही इतकी, आरसे दोनशे, डोळ्यांचा नंबर इतका. ‘सुप्रसिद्ध’ आणि ‘संघर्षमय’ हे दोन शब्द तिने वहीच्या पहिल्या पानावर लिहून त्यांच्यावर फुली मारली होती. लोक म्हणायचे, पाणी पडलं की समजतं तुमचा कार्यक्रम लागला, अन् पुढं काय येईन ते काही समजत नाही. याहून मोठी शाबासकी तिला नको होती.

असे चाळीस पाहुणे झाले. एक्केचाळिसावे होते अनसिंगचे शेषराव खिल्लारे. तीस वर्षं गावोगावचे हातपंप दुरुस्त केलेला माणूस. आधीच्या फोनवर त्यांनी सहज सांगितलं होतं, “नोकरीच्या सुरवातीले एका गावात दिवसभर पंप खोलला. पानी लागलं. मंग गावानं त्याच पंपाचं पानी मले वरून ओंजळीत टाकलं. आमची वस्ती कोनती, थे त्यायले ठाऊक होतं ना.”

हे ऐकून पवन दोन दिवस अस्वस्थ होता. मग म्हणाला, “या वेळेस पाण्यानं नोको सुरू करू. वरून पानी पडल्याचा आवाज ऐकून काकाले वाईट नाही का वाटनार? अन् खाली लोक काय काय लिहितीन. तूच म्हंतं ना फॉर्म बदलत राह्यला पाह्यजे? मंग बदल.”

वाईट माणूस नव्हता पवन. म्हणून तर तिला तोंडावर काही बोलता येईना. स्नेहा रिठदची, तिचे आजोबा छप्पन साली नागपूरहून दीक्षा घेऊन आलेले. पवनला हे कॉलेजपासून ठाऊक होतं, पण ठाऊक असणं वेगळं आणि ध्यानात असणं वेगळं. घरी जाऊन तिने बिनपाण्याची सुरुवात लिहिली. कोरड्या हातपंपाच्या दांड्याची करकर, आणि मग दुरुस्तीच्या नोंदवहीतल्यासारखी ओळख: तारीख, गाव, बिघाड, मेकॅनिक. शेवटचा प्रश्नही काढला.

लिहून झाल्यावर वाचलं, तर चांगलं झालं होतं. आग लागो त्या चांगलेपणाला! हात सरावला की माणूस काहीही देखणं करून देतो, हे तिला त्या दिवशी कळलं.

आणि आज सकाळी अकराला ती स्टुडिओत आली, तेव्हा पवनने तांब्या-गिलास उचलून कपाटात ठेवलेला. कपाटाचं दार लावलेलं. ते दार बघितलं आणि तिचं डोकं फिरलं.

“पवन, चाळीस जनायले इथं पानी देल्लं. मामलेदार आले, त्यायले देल्लं. त्या किर्तनकाराले दोनदा देल्लं. अन् आज तांब्या कपाटात?”

“अवं, पन तूच तं लिहिलं!”

“हो, मीच लिहिलं. लाज वाटून राह्यली मले त्याची. मधली ओळख बदलनं येगळं, अन् पानी काढून घेनं येगळं. पानी म्हंजे आपला कार्यक्रम हाय, सजावट नाही थे!”

“मी त्यायच्या भल्यासाठीच—”

“भलं त्यायले इचारून करतेत!”

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. शेषराव आले. पांढरा शर्ट, खिशाला पेन, कपाळावर घाम. पवनने त्यांना खुर्ची दिली, हेडफोन दिले आणि स्नेहाकडे न बघता रेकॉर्डिंग सुरू केलं. करकर वाजली. पवन वाचू लागला, “तारीख बारा मे. बिघाड, वॉशर गेलं...”

शेषरावांनी हात वर केला.

“थांबा भाऊ. पानी राह्यलं.”

“काका, आज सुरवात जराशी येगळी—”

“येगळी काहून?” म्हातारा चढ्या आवाजात बोलला. “मी चाळीसच्या चाळीस ऐकले. बसमधून उतरल्यापासून तहान लागून राह्यली, पन नाही पेलो. म्हटलं तिथं भेटते गिलासभर, थे खऱ्या तहानेनं पेवावं. चाळीस जनायले पाजलं, अन् माझ्यापाशी येऊनच तुमचा तांब्या आटला?”

“तुमाले वाईट वाटीन म्हनून...”

“थे मी ठरवीन ना! तवा त्यायनं ठरवलं, आता तुमी ठरवता. फरक काय पडला?”

पवनच्या तोंडचं पाणी पळालं. स्नेहा उठली. कपाट तिने असं उघडलं, की दार गादीवर आदळलं. तांब्या भरून आणला, गिलास माइकपासून वीतभर लांब धरला आणि ओतलं. धार वाकडी पडली, टेबल ओलं झालं.

“पानी घ्या, काका,” ती म्हणाली.

शेषरावांनी गिलास ओठाला लावला. कागद पवनपुढे होता, पण ओळख तिला पाठ होती. ती तशीच उभ्याने बोलली. तारीख बारा मे, बिघाड वॉशर. तारीख तीन जून, बिघाड साखळी. गावं बदलत गेली, बिघाड बदलत गेले, हजार-बाराशे पंपांना पाणी आलं. मेकॅनिक एकच. शेषराव खिल्लारे, अनसिंग.

गिलास रिकामा होऊन टेबलावर टेकला.

“गोड लागलं का?” तिने विचारलं.

शेषरावांनी मनगटाने ओठ पुसले.

“गोड हाय,” ते म्हणाले. “पन लय उशिरा भेटलं.”

पुढचा तासभर ते बोलले, हसलेसुद्धा. पवनने नीट ऐकलं, एकदाही मध्ये तोंड घातलं नाही. उठताना मात्र तो हळूच म्हणाला, “काका, घाबरू नोका. सुरवातीचा गोंधळ आमी कापून टाकतो. तांब्यापासून सुरू करतो.”

स्नेहा काही बोलणार, त्याआधीच जिन्याच्या पहिल्या पायरीवर शेषराव थांबले.

“अजाबात कापू नोका,” ते म्हणाले. “उशीर माझ्या वाट्याले आला, लोकायलेबी ऐकू द्या किती झाला थे.”