उघडला की वाढतो

शेलूबाजारच्या एका शाळेच्या ऑफिसात हुस्नाबानो आली, की कारकून धम्मदीपा हातातलं काम बाजूला ठेवायची. बाई शिवणकाम करणारी, बोलायला खणखणीत. आज तिला मुलीचा, जिकराचा, शाळा सोडल्याचा दाखला हवाच होता, कारण अकरावीच्या प्रवेशाची मुदत संध्याकाळी संपत होती. वर्षाची फी तिने उशिरा का होईना, भरली होती. राहिला होता उशिराचा दंड. शाळेचा नियम पन्नास रुपयांचा, तोही एकदाच. आणि कॉम्प्युटर मागत होता साडेचारशे.

"काल साडेतीनशे सांगतले, आज सकाळी परत आली तं चारशे, आन् आता हे. मॅडम, तुमी पेरनी करून राह्यले का इथं?"

मुख्याध्यापक इंद्रभान सरांनी मान हलवली. "कॉम्प्युटर खोटं नाही बोलत, बाई. भरा आन् दाखला न्या."

सरांची शिस्त अशी, की आकडा तोंडी सांगायचा नाही. पालकाला त्या मुलाचा रिपोर्ट स्क्रीनवर उघडून दाखवायचा. शिस्त चांगलीच होती. पण धम्मदीपा विचारात पडली. दंड फुगला होता तो पुन्हा पुन्हा भांडायला येणाऱ्यांचाच! जे एकदाच येऊन भरून गेले, त्यांचा पन्नासच होता. हे काय गौडबंगाल?

तिने वाशीमला इमरानला फोन लावला. फीचं सॉफ्टवेअर त्यानेच बनवलं होतं.

"मॅडम, रिपोर्ट म्हंजे नुसतं पाहनं," तो हसला. "पाह्यल्यानं काय वाढते?"

"फोन ठेवू नका," ती म्हणाली. आता माघार नव्हती. तिने सरांच्याच नातवाचा रिपोर्ट उघडला. त्याचीही फी थकली होती. दंड पन्नास. बंद केला, पुन्हा उघडला. शंभर. पुन्हा उघडला. दीडशे.

"थांबा, थांबा!" सर खुर्चीतून उठलेच.

इमरानचं हसू मावळलं. त्याने तिकडे कीबोर्डवर खटखट करत प्रोग्रॅम तपासला. "मॅडम, चूक माझीच हाय. रिपोर्ट उघडला, की कॉम्प्युटर दंड मोजते, आन् दर खेपेला बाकीत चढवूनबी टाकते. नुसता दाखवाले पाह्यजे होता. आजच दुरुस्त करतो, वाढलेलं सारं काढतो. तवरोक कोनाचाच उघडू नका."

सरांचा हात सवयीने माऊसकडे गेला. धम्मदीपाने माऊस ओढून आपल्याकडे घेतला आणि पावती पुस्तक पुढे सरकवलं. सरांनी पन्नासाच्या पावतीवर सही केली, मग दाखल्यावर.

हुस्नाबानो दाखल्याकडे बघत राहिली. "म्हंजे मी इचाराले येत होती, म्हनून वाढत होतं? चुपचाप बसली असती तं बरं होतं."

धम्मदीपाला फार लागलं ते. प्रत्येक वेळी रिपोर्ट उघडणारा हात तिचाच होता.

"नाही ना बाई," ती म्हणाली. "तुमी चुप बसल्या असत्या, तं आमाले कळलंच नसतं. जा लवकर, जीप सुटंल."