दहा मे, रविवार

सुदर्शन गुरुजींची वेवजीच्या शाळेतून बदली झाली. जाण्याआधी त्यांनी तिथंच शिकवणाऱ्या मुक्ताला कुठल्याही तारखेचा वार तोंडी काढायला शिकवलं होतं. "चार एप्रिल, नऊ मे, सहा जून, आठ ऑगस्ट. कुठलंही वर्ष घ्या, त्या वर्षात या सगळ्यांचा वार एकच. तो पकडा आणि मागंपुढं मोजा."

दोन वर्षांनी, अठ्ठ्याऐंशीच्या एप्रिलअखेर, त्यांचं कार्ड आलं. 'दहा मे, रविवारी चारोटीला येतो. भेटाल?'

मुक्तानं दारातच हिशेब केला. यंदा चार एप्रिलला सोमवार होता, म्हणजे नऊ मेलाही सोमवारच. दहाला मंगळवार!

ती आठ तारखेच्या रविवारी चारोटीच्या स्टँडवर जाऊन बसली आणि दहाच्या मंगळवारीही. एसट्या आल्या नि गेल्या, गुरुजी काही उतरले नाहीत.

"अगं, घाईत चुकीचा वार लिहिला असेल," शाळेतल्या रुचिताबाई म्हणाल्या.

"वार? आणि ते चुकतील?" मुक्ता उसळलीच. "काहीतरीच बोलू नका!"

घरी येऊन तिनं कार्ड पुन्हा वाचलं. वर्ष त्यांनी लिहिलंच नव्हतं. दहा मेचा वार दर वर्षी एकानं पुढं सरकतो, लीप वर्षात दोनानं. एकोणनव्वदला बुधवार, नव्वदला गुरुवार, एक्क्याण्णवला शुक्रवार. ब्याण्णव लीप, म्हणून थेट रविवार.

चार वर्षं. तिनं कार्ड जपून ठेवलं. तिच्यासाठी त्यांनी वार मोजलाच नाही, हे मानण्यापेक्षा चार वर्षं थांबणं सोपं होतं.