पोच न घेतलेलं पत्र

आक्कांचा सगळा धंदा शब्दावर उभा होता. नवरा गेला तेव्हा मागे एक काँक्रीटचा मिक्सर आणि दोन मुकादम राहिले. तेवढ्यावर त्यांनी कंपनी वाढवली. वाळू मुठीत दाबून तिच्यात माती किती ते सांगायच्या. कागद मात्र ओळीवर बोट ठेवून वाचावा लागे, आणि ते कुणी पाहिलेलं त्यांना खपत नसे.

कागद सूनबाई बघायची. मुलगा साइटवर चिखलात, सूनबाई ऑफिसात फायलींत. "माझी सून बोलत नाही, जावक नंबर टाकते," असं आक्का आल्यागेल्याला सांगत.

पाण्याच्या टाकीचं काम चालू होतं. मागचं काम उशिरा गेलं होतं. हेही गेलं तर पाणी खातं ठेका काढून घेणार आणि कंपनीचं नाव यादीतून उडवणार, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. कुणी बोलत नव्हतं, इतकंच.

अशात खात्याने कामावर नेमलेल्या इंजिनिअरसाहेबांचं पत्र आलं. नकाशात पाया दोन मीटर खोल होता. तो साडेतीन मीटर न्या, कडक थर लागेपर्यंत. आणि खाली एक ओळ: हा बदल नाही, करारातल्या अटीचं स्पष्टीकरण आहे.

"दीड मीटरचं स्पष्टीकरण!" सूनबाई म्हणाली. "अडीच मीटरवर पाणी लागतंय, आई. पंप लावा, बाजू ढासळू नयेत म्हणून लोखंडी पत्रे ठोका. सात आठवडे गेले."

"मग खोदत नाही म्हणून कळव."

"तसं म्हणता येत नाही. साहेबांनी सांगितलेलं करायचं, असं करारातच आहे. पण हा बदल आहे, हे आपलं म्हणणं लिहून द्यायचं आणि खोदायला लागायचं. पत्र मिळाल्यापासून अठ्ठावीस दिवसांत आपली नोटीस त्यांच्याकडे पोचली नाही, तर वाढीव मुदत नाही आणि खर्चही नाही."

"म्हणजे खोदायचं, पण तोंड वाकडं करून."

"तोंड सरळच ठेवा. वाकडं काय ते कागदावर."

सहाव्या दिवशी पत्र तयार झालं. आक्कांनी ते बोट ठेवून वाचलं, सूनबाई खिडकीबाहेर बघत राहिली. 'आपली सूचना आमच्या मते करारातील कामात बदल ठरते. वाढीव मुदत आणि खर्च यांवरील आमचे सर्व हक्क राखून आम्ही काम सुरू करीत आहोत.' आक्कांना ते भांडणाच्या आधी बाही वर सारल्यासारखं वाटलं. पण सही केली.

"मीच देते जाऊन," त्या म्हणाल्या. "मला त्यांच्याकडे खुर्ची मिळते. तू गेलीस तर बाकावर बसवतील."

"द्या. पण दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्या, आई. पोच. कराराप्रमाणे ईमेल चालत नाही."

साहेबांनी खुर्ची दिली, चहा मागवला. पत्र वाचलं आणि पुन्हा पाकिटात घातलं.

"आक्का, तुम्हीसुद्धा? वीस वर्षं बघतोय तुम्हाला. वकिली भाषा कधीपासून बोलायला लागलात?"

आक्का ओशाळल्या. "सूनबाईचं काम हो ते. नव्या पोरी. कागदाशिवाय श्वास घेत नाहीत."

"हे मी घेतलं की वर खात्याकडे जाणार. मग ते मला विचारणार, नकाशा करताना मातीचे नमुने नीट बघितले होते का. तुमच्यामाझ्यात कशाला? काम करा. शेवटी मुदतीचं मी बघतो. शब्द देतो."

आक्कांना शब्द कळत होता. त्यांनी पाकीट उचललं, पर्समध्ये चष्म्याच्या घरामागे सरकवलं आणि चहा संपवला.

घरी सूनबाईने हात पुढे केला. "पोच?"

"दिलं म्हटलं ना. माझ्या शब्दाची पोच मागणारी तू पहिलीच."

सूनबाईने दोन दिवसांनी पुन्हा विचारलं. या वेळी मुलगाच खेकसला, "अगं, आई म्हणतेय ना दिलं म्हणून!" मग तिने विचारणं सोडलं. नोंदवहीत तिने लिहून ठेवलं: नोटीस दिली, सहावा दिवस.

खड्ड्यात पाणी सूनबाईने सांगितलं होतं त्याच खोलीला लागलं. तीन पंप दिवसभर ओकत होते. एकदा एक बाजू सुटून अर्ध्या दिवसाची खोदाई गाडली गेली. सूनबाई रोज पंपांचे तास लिहून घ्यायची, साहेबांच्या सुपरवायझरची सही घ्यायची. चाळिसाव्या दिवशी तिने सगळा तपशील पाठवला. वर संदर्भ टाकला, 'आमची अमुक तारखेची नोटीस.'

एकसष्टाव्या दिवशी साहेबांकडून उत्तर आलं. सूनबाईने ते उभ्यानेच वाचलं, मग बसून वाचलं.

"आई, असं कुठलंही पत्र या कार्यालयात आलेलं नाही, म्हणतात. अठ्ठावीस दिवस उलटल्यामुळे मागणी विचारात घेता येत नाही. खोटं बोलतायत. पोच काढा तुमची, उद्याच तोंडावर..."

आक्का पर्सची चेन उघडझाक करत होत्या. मग त्यांनी चष्म्याचं घर बाजूला केलं आणि पाकीट टेबलावर ठेवलं. पर्समध्ये राहून त्याचे कोपरे मऊ पडले होते.

सूनबाईने ते उघडलं नाही. वरचा जावक नंबर तिच्याच हातचा होता.

"ते म्हणाले, शेवटी बघतो," आक्का म्हणाल्या. "शब्द दिला."

"रोजच्या नोंदी आहेत," सूनबाई स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली. "खोदाई त्यांना दिसत होती. पण दिसणं म्हणजे नोटीस नव्हे. करारात तसं स्पष्ट लिहिलंय." मग म्हणाली, "मला तेव्हा सांगितलं असतं तरी बावीस दिवस हातात होते, आई."

ती ओरडली असती तर आक्कांनी चार शब्द परतवले असते. तिने नुसतं टोपण पेनाला लावलं.

आक्का दुसऱ्याच दिवशी साहेबांकडे गेल्या. खुर्ची मिळाली, चहा आला नाही.

"तुम्ही बोलला होता, साहेब."

"बोललो असेन, आक्का. नाही म्हणत नाही." साहेब खिडकीकडे बघत होते. "पण ते लिहून द्या म्हणाल, तर माझ्या नोकरीवर येईल. पोरगी अजून शिकतेय माझी."

"आणि माझी कंपनी?"

"तुम्ही त्याच दिवशी शिक्का मागितला असता, तर मला मारावाच लागला असता. मला नाही कसं म्हणता आलं असतं?"

हे त्यांनी खरंच समजावून सांगितल्यासारखं सांगितलं. आक्का पर्स घेऊन उठल्या.

बाहेर आवकची खिडकी होती. इतक्या वर्षांत त्या तिच्यासमोर कधी उभ्या राहिल्या नव्हत्या; थेट आत जायच्या. आज दोन माणसांच्या मागे उभ्या राहिल्या. नंबर आल्यावर पाकिटातून दोन्ही प्रती काढून आत सरकवल्या.

कारकून म्हणाला, "बाई, पत्रावर तारीख दोन महिन्यांपूर्वीची आहे. मी आजचीच टाकणार."

"आजचीच टाका. मला पोच हवी."

शिक्का आपटला. आक्कांनी तारखेवर बोट ठेवून ती वाचली. बासष्टावा दिवस.

ऑफिसात सूनबाई ठेका गेला तर कमी कराव्या लागणाऱ्या कामगारांची यादी काढत होती; कुणाला आधी सांगायचं, कुणाला दुसरीकडे लावून देता येईल. आक्कांनी प्रत तिच्यासमोर ठेवली.

"पोच आणली," त्या म्हणाल्या.

सूनबाईने शिक्का पाहिला. मग पंच ओढून कागदाला दोन भोकं पाडली, प्रत फायलीत लावली आणि पुन्हा यादीकडे वळली. आक्का समोरच्या बाकावर बसून राहिल्या. जुन्या मुकादमाचं नाव यादीत पहिलंच होतं, आणि तेवढं त्यांना बोट न ठेवताही वाचता आलं.