लाल शाईची दुपार

आमच्या घरात चूक काढायची रीत नव्हती, चूक सावरायची रीत होती. माझ्या हातून आमटीत मीठ जास्त पडलं, तर सुनेनं गुपचूप कणकेचा गोळा सोडायचा आणि पंगत वाढायची. "आत्याबाई, खारट झाली," असं चारचौघांत म्हणणारी सून मी घरात टिकू दिली नसती. चांदवडची आहे मी. शाळा चौथीपर्यंत, पण शिस्त मॅट्रिकच्या वरची.

लता माझी धाकटी सून, यादवची बायको. ती खरंच मॅट्रिक. भजी बांधून आणलेला कागदसुद्धा तेलाचे डाग चुकवत वाचून काढायची. तेव्हा आम्ही पेठ नाक्याला राहायचो. एकोणऐंशी साल असेल. शेजारी सावळीराम होते, अशोकस्तंभाजवळच्या एका छापखान्यात प्रुफं तपासायचे. जन्मभर बारीक टाइप वाचून त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. मालकांना म्हणाले, "माझ्या जागी आमच्या गल्लीतली सूनबाई घ्या." मालक म्हणाले, "बाईमाणूस? बरं, दिवाळीनंतर परीक्षा घेतो. नाही जमलं तर पुण्याहून माणूस आणीन."

ही बातमी मी दुसऱ्याच सकाळी नळावर सांगून टाकली. "माझी सून छापखान्यात लागली." परीक्षेचं काही बोलले नाही. समोरच्या घरातल्या चिमणाबाईची घागर भरून वाहायला लागली तरी ती माझ्याकडेच बघत होती. म्हणजे आता लताचं नापास होणं फक्त लताचं राहिलं नव्हतं.

दुपारी आमच्या ओट्यावर शिकवणी सुरू झाली. रस्ता रुंद केला तेव्हा तो ओटा गेला. त्याचा दगड उन्हाळ्यातही गार असायचा, अजून पायांना आठवतो. सावळीराम मुद्दाम चुका घालून एखादा उतारा जुळवून घ्यायचे आणि लांबट कागदावर त्याचा कच्चा छाप काढून आणायचे. कुठे काना उडालेला, कुठे स्वल्पविराम गायब, कुठे दोन शब्द एकमेकांना चिकटलेले. दोन्ही बाजूंना मोकळा समास.

लतानं पहिला कागद तपासून दिला. सावळीरामांनी तो डोळ्यांजवळ धरला, लांब धरला.

"सूनबाई, चूक एकही सुटली नाही."

मी आतून म्हटलं, "सुटेल कशी? सून कुणाची?"

"पण नापास."

मी पोळपाट सोडून बाहेर आले. "नापास कशी काय?"

"बघा ना वहिनी. चुकीच्या अक्षरावरच बारीक निबानं बरोबर अक्षर गिरवलंय. स्वल्पविराम तर असा बसवलाय, जणू छापतानाच होता. खिळे जुळवणारा, म्हणजे शिशाची अक्षरं ओळीत मांडणारा, गोष्ट वाचत बसत नाही. तो समास बघतो. समासात खूण नसली तर त्याच्या लेखी चूकच नाही."

मग त्यांनी खुणा दाखवल्या. चुकलेलं अक्षर ओळीत खोडायचं आणि बरोबर अक्षर समासात लिहायचं, पुढे एक तिरकी रेघ. काही राहिलं असेल तर ओळीत त्या जागी काकपद, कावळ्याच्या पायासारखी खूण, आणि राहिलेलं समासात. एका ओळीत दोन-तीन चुका असल्या तर समासातही त्याच क्रमानं, मध्ये रेघा देऊन. काय होतं आणि काय करायचं, दोन्ही दिसलं पाहिजे.

दुसऱ्या दिवशी लतानं काय करावं? सगळा उतारा वेगळ्या कागदावर स्वच्छ उतरवून आणला. एक खाडाखोड नाही.

"हा शाळेतला निबंध झाला," सावळीराम म्हणाले. "बदल कुठे केला ते मी काय नवसानं शोधू?"

तिसऱ्या दिवशी खुणा समासात आल्या, पण पेन्सिलीनं, त्याही इतक्या फिक्या की त्यांच्या मोतीबिंदूला दिसेनात.

"सूनबाई, भिता कुणाला?"

लतानं माझ्याकडे पाहिलं. अगदी क्षणभर.

"माझ्याकडे काय बघतेस? मी खिळे जुळवते का?"

सावळीराम हसले. "वहिनी, चूक झाकायची सवय या घरचीच दिसते."

"झाकायची नाही, सावरायची! आणि तुम्ही चहा घ्या, निवतोय."

पण ते बोलणं मला लागलं. दुसऱ्या दिवशी जेवणं आटोपल्यावर मी स्वतः कागद घेऊन बसले. वर्षानुवर्षं वाणसामानाच्या यादीपलीकडे काही लिहिलं नव्हतं. माहेरचं लिहिलं. कांद्याच्या वाफ्याला पाणी धरणारी माझी आई, तिच्या पायांना लागलेला गारा, आणि आम्ही पोरी वाफा तुडवला की ती ढेकूळ फेकून मारायची ते. पान भरलं. पूर्णविराम एकही नाही. तो शिकवायच्या आधीच माझी शाळा सुटली होती.

कागद लताच्या पुढे टाकला. लाल शाईची दौत ठेवली. "काढ चुका."

"आत्याबाई, तुमच्या लिहिण्यातल्या?"

"मग काय चिमणाबाईच्या? दिसतील अशा काढ. पेन्सिल हातात घेतलीस तर लाटणं माझ्याही हातात आहे."

पहिली रेघ वाकडी आली. मी मुद्दाम समोरच बसले. दुसरी रेघ जरा सरळ आली. मग तिला वेग आला, ती मला विसरलीच. ओळीत काकपद, समासात पूर्णविराम; ओळीत खोड, समासात वेलांटी. माझं पान कुंकवाचा करंडा सांडल्यासारखं लाल झालं. मला राग आला. खोटं कशाला बोलू, चांगलाच आला. पण डोळे हलवले नाहीत.

'आमची आई लय तापट' इथे तिनं 'लय' खोडून समासात 'फार' लिहिलं. मग थांबली. 'फार'वर काट मारली, खोडलेल्या 'लय'खाली टिंबं दिली आणि समासात लिहिलं, 'तसंच'.

"हे काय आता?"

"खोडलेलं परत ठेवायचं असलं की खाली टिंबं द्यायची. सावळीरामकाकांनी सांगितलंय." मग हळूच म्हणाली, "ढेकूळ फेकणारी बाई 'फार' तापट कशी असेल, आत्याबाई? ती लयच तापट असणार."

मी उठून आत गेले. चहाचं आधण ठेवायचं होतं.

परीक्षेला मालकांनी छापखान्याच्या वर्धापनदिनाचं निवेदन दिलं. स्वतः लिहिलेलं. सावळीरामांनी नंतर सगळं रंगवून सांगितलं. लतानं मालकांच्या मजकुराचे समास दोन्ही बाजूंनी लाल केले. मालकांचा चेहराही तसाच झाला. म्हणाले, "माझ्या एवढ्या चुका?" ही म्हणाली, "काही तुमच्या, काही जुळवताना झालेल्या. खुणा दोन्हींना सारख्याच लागतात." मालकांनी कागद भिकनकडे दिला. तो खिळे जुळवणारा. त्यानं समास बघत बघत चिमट्यानं चुकीचे खिळे उपसले, बरोबर बसवले, कुणाला एक शब्द विचारला नाही. दुसरा छाप स्वच्छ निघाला. मालक तो दोनदा वाचून म्हणाले, "सोमवारपासून या."

त्या रात्री आमटी मी केली. पानं वाढली. लतानं पहिला घास घेतला आणि म्हणाली, "आत्याबाई, मीठ जास्त झालंय."

यादवचा हात ताटातच थांबला. थोरल्या सुनेनं पदर तोंडाला लावला.

"नोकरी सोमवारपासून आहे," मी म्हटलं. "आज शुक्रवार."

मग उठले, परातीतली कणीक घेतली आणि गोळा मीच सोडला. सगळ्यांना दिसेल असा.