तिखटाचं खापर आईवर

"वहिनी, तू मुद्दाम तिखट घालतेस!" काकाने ताट ढकललं. आईने भाजीत मिरचीच घातली नव्हती, तरी त्याचं तोंड भाजत होतं, म्हणून मी त्याला दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे ओढतच नेलं.

त्याच्या तोंडात दोन बोटंही शिरेनात. गाल आतून पांढरे, ताठ झाले होते.

"सुपारी खाता?" बाईंनी विचारलं.

"तंबाखूला शिवत नाही मी."

"खिशात सुपारीच्या पुड्या आहेत त्याच्या!" मी म्हटलं.

"चोंबडे, गप्प बस!"

"सुपारीनंच तोंड आवळतंय," बाई कडाडल्या. "ती सोडली नाहीत तर इंजेक्शनं, तोंड उघडायचे व्यायाम सगळं फुकट. पुढे कॅन्सरही होऊ शकतो."

काकाने पुड्या टेबलावर आपटल्या. आता तो माझ्याशी बोलत नाही. व्यायामासाठी दातांत लाकडी पट्ट्यांची चळत धरून नुसता डोळे वटारतो, आणि मी खुशाल आणखी एक पट्टी आत सरकवते.