आजी आधी धावली की दूध आधी उतू गेलं

नव्या बाईंची नोकरी कायम होणार की नाही, हे त्या दिवशीच्या एका तासावर ठरणार होतं. मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, शेवटच्या बाकावर बसल्या. शेजारी मी, चित्रकलेची; मला फक्त तक्ता टांगायला बोलावलं होतं.

भाषेची कृतिपत्रिका नव्या बाईंनी स्वतः रचली होती. पहिला प्रश्न झकास गेला. ‘होतं, कुणी, दूध, ठेवलं’ हे शब्द पोरांनी लावले, मग विरामचिन्हंही दिली: आजी म्हणाली, “दूध कुणी ठेवलं होतं?” कुणाचं अवतरणचिन्ह उलटं लटकत होतं, तेवढंच.

मग वाक्यं क्रमाने लावून परिच्छेद करायचा होता. फळ्यावर चार वाक्यं:

अ. दूध उतू गेलं.
ब. आजीने दूध गॅसवर ठेवलं.
क. आजी धावत आली.
ड. फोन वाजला.

“ब, ड, अ, क,” पहिली रांग म्हणाली. “फोनवर बोलताना दूध उतू गेलं, मग ती धावली.”

“शाब्बास.” नव्या बाईंच्या उत्तरपत्रिकेत हेच होतं.

टिकलीने हात वर केला. या पोरीचा हात वर गेला की मास्तर लोक घड्याळाकडे बघतात. “बाई, आमचं ब, ड, क, अ. फोन वाजला म्हणून आजी बाहेरच्या खोलीत धावत आली. म्हणून इकडे दूध उतू गेलं. आमच्याकडे रोज असंच होतं.”

“तुझी आजी इथे कशाला आणतेस?” पहिली रांग.

“मग तुमची कुठली आलीय?”

नव्या बाईंनी फळ्यावरची चारही वाक्यं पुन्हा वाचली. मोठ्या बाईंनी चष्मा वर सरकवला. मला वाटलं, आता ही बाई ‘उत्तरपत्रिकेत असंच आहे’ म्हणून टिकलीला खाली बसवणार. सगळ्यांनी तेच केलं असतं. मीही.

“दोन्ही बरोबर,” नव्या बाई म्हणाल्या. “चूक माझी. वाक्यांना दुवाच नाही दिला. कोण कशामुळे धावलं, ते कळायला खूण हवी.” खडू घेऊन त्यांनी ‘क’च्या आधी लिहिलं: करपल्याचा वास येताच. “आता?”

“आता आधी दूध,” टिकली म्हणाली. “उतू गेल्याशिवाय वास कसला?” आणि, जरा नाराजीने, “पण आमची आजी फोनलाच धावते.”

तास संपल्यावर मोठ्या बाई शेरा लिहायला बसल्या.

“दोनच वाक्यं आहेत. ‘कृतिपत्रिकेत चूक होती.’ ‘पाठ उत्तम झाला.’ आधी कुठलं लिहू?”

नव्या बाई म्हणाल्या, “आधी चूक लिहा, बाई. मधे ‘पण’ घाला. शेवटचं लोकांच्या लक्षात राहतं.”

मोठ्या बाईंनी तसंच लिहिलं, पूर्णविराम ठासून दिला, आणि मला म्हणाल्या, “तक्ता काढा. आणि कायम झालेल्या बाईंसाठी चहा टाका. गॅसवर ठेवून फोनला धावू नका म्हणजे झालं.”